नदीमागचं पाणी

"आजकालच्या भिंती नीट बोलतच न्हाईत," दानीएल पुटपुटला.

एका कानाला स्क्रूड्रायव्हरची मूठ लावलेली, टोक टाइलवर टेकवलेलं, डोळे मिटलेले. मार्था त्याच्या पाठीशी चहाचा कप घेऊन उभी होती. पुटपुटणं म्हणायचं म्हणून, ते पार अंगणात उभ्या तिच्या सुनेला, जास्मिनला ऐकू गेलं. हल्ली दानीएल पुटपुटायचा ते असं.

"साखर टाकू का भावजी?" मार्थानं विचारलं.

"मंगळवारी," दानीएल म्हणाला.

मार्थानं दोन चमचे टाकले.

देवळाली प्रवरात चाळीस वर्षं दानीएल नळाची कामं करत होता. त्याच्याकडं एकच यंत्र होतं, हा लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर. मूठ कानाला, टोक भिंतीला, की आत पाणी कुठं सूंसूं करतंय ते सांगायचा. पेन्सिलीनं फुली मारायचा, तिथंच छिन्नी मारायची, आणि तिथंच पाणी निघायचं. रविवारी ख्रिस्ती देवळात गाणं उचलून देणाराही तोच. त्यानं सूर लावला की पेटी त्याच्यामागं यायची, उलटं कधी झालं नव्हतं.

गेली दोन वर्षं मात्र दानीएल प्रत्येक कडव्याच्या शेवटी थोडा जास्त थांबत होता. मग सगळं देऊळ थांबायचं. पेटीवाला बोट उचलायचा नाही, बायका श्वास धरायच्या, लहान पोरंसुद्धा शिकली होती. दानीएल पुढं निघाला की सगळे निघायचे. बाहेरून आलेल्या एका पाहुण्यानं तर कौतुक केलं, तुमच्याकडं गाणं किती सावकाश म्हणतात, किती भक्तीनं. पेटीवाल्यानं नुसती मान डोलावली. नाताळ दोन आठवड्यांवर आलं होतं आणि यंदाही गाणं दानीएलच उचलणार होता.

ज्या भिंतीला दानीएलनं कान लावला होता ती मार्थाच्या स्वयंपाकघराची. त्या भिंतीवर नदी होती.

मार्थाचा नवरा बेंजामिन फरशीचं काम करायचा. शिर्डीला लॉजवर लॉज उभे राहत होते तेव्हा वर्षभर तिथंच असायचा. संध्याकाळी सायकलच्या कॅरिअरला पोतं बांधून यायचा, पोत्यात टाइलचे तुकडे. एका लॉजचा मोरपंखी, दुसऱ्याचा आकाशी, तिसऱ्याच्या संडासातला गडद निळा. ते कोपऱ्यात साठत गेले. मार्था म्हणायची, घर हाय का भंगाराचं दुकान? मग एकोणीस वर्षांपूर्वी त्यानं सिंकच्या वरच्या पांढऱ्या भिंतीत मधोमध ते तुकडे बसवले, एकही सारखा नाही असे, आणि खिडकीच्या बाजूनं सिंककडं वळत जाणारी प्रवरा केली. वळणापाशी तर इतकी खरी की भांडी घासताना मार्थाला कधी कधी पायाला वाळू लागायची. त्याच भिंतीत आतले लोखंडी पाईप टाकले होते दानीएलनं. दोघा दोस्तांची एकच भिंत, आत एक, बाहेर एक.

बेंजामिनला जाऊन चार वर्षं झाली. असलं निळं आता कुणी बनवत नाही. मार्था विचारून आली होती.

आणि आता भिंतीच्या पलीकडच्या खोलीत ओल आली होती. प्लास्टर फुगलं होतं, खाली पांढरं मीठ फुललं होतं. दानीएल सोमवारी आला, फुली मारली. मंगळवारी पुन्हा ऐकलं, ती फुली पुसून वीतभर सरकवली. आज बुधवार. आजची फुली नदीच्या बरोब्बर वळणावर होती.

"उद्या फोडतो," दानीएल म्हणाला. "हातभर टाइल जाईल इकडची तिकडची. काय करनार वहिनी."

मार्था मान हलवत राहिली. त्या रात्री जास्मिननं फोनवर गळती शोधणारी नगरची स्नेहल शोधली.

स्नेहल दुसऱ्या दिवशी दुपारी स्कूटीवर आली, पाठीला मोठी पेटी. तिशीतली, केस घट्ट बांधलेली. दानीएलनं पेटीकडं पाहिलं, मग मार्थाकडं.

"ही नवीन यंत्र घेऊन आलीय भावजी!" मार्था त्याच्या तोंडासमोर जाऊन म्हणाली. "तुमी जरा तपासून द्या!"

"तपासतो की," दानीएल खूश झाला. "पोरींना पन यायला पायजे हे काम."

स्नेहलनं मार्थाकडं पाहिलं. मार्था कढईकडं बघत राहिली.

आधी स्नेहल पलीकडच्या खोलीत गेली. दोन टोकदार सुया असलेलं छोटं मीटर प्लास्टरमध्ये टोचत चालली. खाली आकडा भडकला.

"इथंच लई हाय," जास्मिन म्हणाली.

"इथं मीठ आहे ना वहिनी. मीठ असलं की मीटर फसतं, आहे त्यापेक्षा जास्त दाखवतं. आणि पाणी जिथं दिसतं तिथंच गळतं असं नसतं. पाईपसाठी भिंतीत खाच केलेली असते, त्यातनं ते वाट काढत जातं आणि जमेल तिथं उतरतं. मला ते कुठून निघालं ते पाहिजे."

मग ती स्वयंपाकघरात आली आणि दुसरं मीटर काढलं. याला सुया नव्हत्या. टाइलवर नुसतं सपाट टेकवायचं, की आतली ओल कळते. सिंकपासून खिडकीकडं, बोटबोटभर सरकवत ती नदीच्या उलट चालली. मार्था बघत होती. पाच, सात, मग वळणावर तीस, पुढं चाळीस, पुढं पन्नास. खिडकीजवळ, जिथं नदी संपून पांढऱ्या टाइल लागतात, तिथल्या तिसऱ्या टाइलवर अडुसष्ट. चौथीवर एकदम सहा.

"चौथी कोरडी," स्नेहल म्हणाली. "म्हणजे ओलीची वाट इथनं सुरू होते. आता ऐकून बघू."

टाकीचं पाणी वरून येतं त्याला जोर फारसा नसतो, आवाज बारीक. म्हणून स्नेहलनं गच्चीवरचा कॉक बंद करायला लावला, सगळ्या तोट्या घट्ट केल्या, सिंकच्या नळाला पाईपात पाणी दाबणारा, काट्याचा छोटा हातपंप जोडला आणि जास्मिनच्या हातात दांडा दिला. "हळू. जुनं लोखंड आहे. चारवर काटा आला की थांबा." काटा चारवर आला. सगळे त्याच्याकडं बघत राहिले. काटा झोपेत मान पडावी तसा खाली येऊ लागला.

"गळतंय," स्नेहल म्हणाली. "फ्रिज बंद करा. पंखा पण."

घर गप्प झालं. तेवढ्यात रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्या, वर कर्णा, गाणं. सगळे हात बांधून थांबले. ट्रॅक्टर गेला, गाणं फॅक्टरीच्या दिशेनं विरत गेलं, आणि मग जी शांतता आली ती मार्थानं या घरात कधी ऐकली नव्हती. खिडकीतनं ऊन नदीवर पडलं होतं. बारके बारके निळे तुकडे हलत होते.

स्नेहलनं हेडफोन चढवले आणि वायरच्या टोकाचा वाटीएवढा गोल टाइलवर दाबला.

"चहा ठेवू का?" जास्मिन कुजबुजली.

स्नेहलनं डोळे गच्च मिटले. "वहिनी, टाइलजवळ बोलू नका. तुमचा श्वाससुद्धा येतोय कानात."

टाइलमागून टाइल. आवाज तेवढाच ठेवायचा, फक्त जागा बदलायची, आणि यंत्रावरचा आकडा बघायचा. वळणावर बावीस. पुढं पस्तीस. खिडकीकडच्या तिसऱ्या पांढऱ्या टाइलवर एक्क्याऐंशी. पलीकडं पुन्हा उतरला. जास्मिननं पुन्हा दांडा मारला, स्नेहलनं पुन्हा ऐकलं. तेच.

"इथं तुमचा एल्बो असणार," ती म्हणाली. "वरून पाईप येतो आणि वळतो तो सांधा. ही एकच टाइल चारी कडांनी कापून अख्खी काढायची. पांढरी आहे, गेली तरी मिळेल. बाकी भिंतीला हात लावायला नको."

मार्थाचा हात आपोआप छातीशी गेला.

दानीएल इतका वेळ भिंतीला टेकून शहाण्यासारखा मान डोलवत होता. "काय म्हनती?" त्यानं विचारलं.

"खिडकीजवळ म्हणते!" मार्था म्हणाली.

"खिडकीजवळ?" दानीएल हसला. "पोरी, डब्याला कान असतात व्हय? मी तीन दिवस ऐकतोय. आन ते इकडं."

त्यानं तिच्या डोक्यावरचे हेडफोन उचलले, स्वतःच्या कानावर ठेवले. स्नेहलनं घाईघाईनं आवाज खाली केला, मग त्याचा चेहरा बघून थोडा थोडा वर नेला. दानीएलनं गोल उचलला आणि आपल्या फुलीवर टेकवला.

आणि थांबला.

दानीएलचं तोंड उघडं राहिलं. लोखंड आवाज लांबवर नेतं. खिडकीजवळचं पाणी पाईपच्या अंगातनं वळणापर्यंत येत होतं, बारीक, बावीस आकड्याएवढं. स्नेहलला ते काहीच वाटलं नव्हतं. दानीएलच्या डोळ्यांत पाणी आलं.

"वहिनी!" तो ओरडला. "बोलतंय! इथंच हाय! लई मोठ्यानं बोलतंय!"

"काका, इथं बावीसच आहे," स्नेहल म्हणाली. "तिकडं एक्क्याऐंशी. तिकडं लावून बघा ना." पण तिचं बोलणं हेडफोनच्या गाद्यांबाहेरच राहिलं. दानीएल तिच्याकडं बघतसुद्धा नव्हता. एका हातानं त्यानं गोल तसाच दाबून धरला, दुसऱ्या हातानं पिशवीतनं छिन्नी काढली आणि टोक फुलीवर नेलं. नदीच्या वळणावर, मोरपंखीवर. मग हातोडीसाठी बघायला लागला. हातोडी जास्मिनच्या पायाशी होती. त्यानं हात पुढं केला, द्यावी म्हणून, आणि चेहऱ्यावर इतका आनंद की जास्मिन वाकली, उचलायला लागली.

"आई," ती तशीच वाकून म्हणाली. "सांगा ना."

मार्थाला वाटलं, ओरडावं. पण ओरडून गेली दोन वर्षं सगळेच बोलत होते, आणि ओरडून फक्त साखर विचारता येते. हात धरावा, तर पोरीसमोर त्याचा हात धरायचा? देवळात सगळे थांबतात तशी ती थांबली. मग तिच्या लक्षात आलं, आपण थांबलो तर हा पुढं निघेल.

ती भिंतीपाशी गेली. त्या गोलाच्या बाजूला, आकाशी तुकड्याला तोंड जवळजवळ टेकवलं. थंडगार होता.

"भावजी," ती साध्या आवाजात म्हणाली.

दानीएल दचकला. आधी भिंतीकडं बघितलं, मग वर, मग तिच्याकडं. मार्थाचा असा आवाज, न ताणलेला, तिचा स्वतःचा, तो कधीपासून विसरला होता. छिन्नी हळूहळू खाली आली. जास्मिननं हातोडी पदराआड घेतली. काटा घसरत घसरत शून्यावर आला होता, आतलं पाणी गप्प होत चाललं होतं.

"बोल वहिनी," दानीएल म्हणाला. दोन वर्षांत पहिल्यांदाच तो हळू बोलला.

मार्थानं डोळे मिटले आणि नदीला सांगितलं.

"भावजी, तुमाला ऐकू येत न्हाई."