न विचारता बदलून देऊ

आमच्या दुकानात नवीन काही यायचं असलं की आधी टी-शर्ट येतात. या वेळीही आले. छातीवर वाक्य होतं, ‘न विचारता बदलून देऊ.’ सोबत हेड ऑफिसातून एक बाई आल्या. त्यांना आम्ही पाठीमागे ब्रँडबाई म्हणायचो.

गोदामात खोक्यांवर सगळ्यांना बसवलं, आम्ही कॅशियर एका बाजूला, घरपोच माल नेणारे रायडर दुसऱ्या बाजूला. ब्रँडबाई म्हणाल्या, “गिऱ्हाइकांसाठी जाहिरात पुढच्या आठवड्यात आहे. त्याआधी हे वचन तुम्हाला पटायला हवं, कारण पाळायचं तुम्हाला आहे.” मी मनात म्हटलं, बोलाचीच कढी. पण बाई बोलून थांबणाऱ्यातल्या नव्हत्या. स्वतः गिऱ्हाईक झाल्या आणि माझ्या दिरालाच उभं केलं.

माझा धाकटा दीर इथेच रायडर आहे, मीच चिकटवलेला.

“अहो, अंडी फुटलीत,” बाई म्हणाल्या.

“फोटो पाठवा,” दीर म्हणाला. “आणि मी दिली तेव्हा चांगली होती.”

गोदामभर हशा पिकला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई मात्र हसल्या नाहीत, खोक्यावर बसल्या आणि त्यांनी विचारलं, “असं का म्हणालात? रागावणार नाही, मला खरंच जाणून घ्यायचंय.”

दिराने ॲप उघडून दाखवलं. माल बदलून दिला की रायडरच्या नावावर तक्रार चढते. महिन्यात तीन झाल्या की आयडी आपोआप बंद, म्हणजे कामच बंद. त्याच्या दोन झाल्या होत्या.

“म्हणजे वचन कंपनीचं आणि भरपाई यांची,” मी बोलून गेले. माझ्या जिभेला हाड नाही, हे घरचेही सांगतील. साहेब, म्हणजे आमचे मॅनेजर, डोळे वटारून बघायला लागले.

बाईंनी नवे टी-शर्ट परत खोक्यात भरायला लावले आणि फोन घेऊन बाहेर गेल्या. बऱ्याच वेळाने आल्या त्या घसा बसवूनच. म्हणाल्या, उद्यापासून या दुकानापुरतं, बदलून दिलेला माल रायडरच्या नावावर चढणार नाही. कॅशियरनेही साहेबांची वाट न बघता काउंटरवरच बदलून द्यायचं.

कोणी विश्वास ठेवला? कोणीही नाही. दुसऱ्या दिवशी मी दोन पिशव्या साहेबांना न विचारता बदलल्या, तेवढंच. रायडर आपले फोटो मागतच होते. पालथ्या घड्यावर पाणी. ब्रँडबाई माझ्या काउंटरशेजारी स्टूल टाकून बसल्या होत्या, कोणाला काही शिकवत नव्हत्या, नुसत्या बघत होत्या.

दुपारी दिराचा फोन वाजला. गिऱ्हाईक म्हणत होतं, अंडी फुटलीत. आता खरीच.

मी हातानेच खूण केली, नको. घरात दोनच पगार, माझा आणि याचा. त्याची आयडी गेली तर घरभाडं कशातून भरायचं, हाच विचार माझ्या डोक्यात. “भाऊजी, शहाणपणा करू नका,” मी दबक्या आवाजात म्हटलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग फोनमध्ये म्हणाला, “फोटो नको. आणतो बदलून.”

अंडी घेऊन गेला. माझ्याकडून एका म्हातारबुवांचं बिल दोनदा चुकलं. ते म्हणाले, “बाई, लक्ष कुठाय?” मी काय सांगणार, जीव टांगणीला लागला होता.

तो परत आला तेव्हा बाकीचे रायडर आधीच माझ्या काउंटरपाशी घोळका करून उभे होते. ऑर्डर बंद केली की आकडा बदलतो, हे सगळ्यांना माहीत. त्याने ऑर्डर बंद केली. स्क्रीनवर ते चक्र फिरत राहिलं. रांगेतली गिऱ्हाइकंसुद्धा माना उंचावून बघायला लागली, कशाचा खेळ चाललाय म्हणून.

तक्रारी: दोन.

एका रायडरने फोन हातात घेऊन परत बघितलं. दोनच. मला रडू आलं आणि रागही आला, एवढ्याशा आकड्यासाठी आमच्या पोराला पणाला लागावं लागलं म्हणून.

तेवढ्यात शेजारून मोठा सुस्कारा ऐकू आला. ब्रँडबाई स्टुलावरून उठून आमच्या खांद्यांवरून वाकून बघत होत्या. तळहात घामाने ओले झालेले, ते साडीला पुसत होत्या.

“म्हणजे तुम्हालाही खात्री नव्हती?” मी विचारलं.

“हेड ऑफिसचा शब्द मिळाला होता,” त्या म्हणाल्या. “ॲपमध्ये बदल झालाय की नाही, ते कोणीच सांगत नव्हतं. म्हणून तर जाहिरात अडवून धरलीय.”

“आणि तीन झाल्या असत्या तर?”

बाईंनी स्टूल बाजूला सरकवलं. मग दिराकडे वळून म्हणाल्या, “हे मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं.”

दिराने त्या रायडरकडून आपला फोन परत घेतला. मग म्हणाला, “सांगितलं असतंत तर मी फोटोच मागितला असता.” आणि हेल्मेट चढवून पुढच्या ऑर्डरीला गेला.