किटलीचा दांडा

त्या वर्षी आमच्या घरात एकाच गोष्टीवरून वाद चालू होता: बाबांना काही झालंय की नाही. आई म्हणायची, झालंय, डॉक्टरला दाखवू. मी म्हणायचे, काही झालेलं नाही, त्यांची शैली बदललीय. आईला शैली म्हणजे काय ते कळत नाही आणि मला कळतं, असा माझा ठाम समज होता. कला महाविद्यालयात शिकणाऱ्या पोरीच्या अंगात जेवढा शहाणपणा मावतो, त्याहून जरा जास्तच माझ्या अंगात भरला होता.

आईकडे सांगण्यासारखं बरंच होतं. बाबा चहाचा कप टेबलावर ठेवायला जायचे आणि टेबलाच्या कडेबाहेर, हवेत सोडायचे. शर्टाची बटणं एक घर चुकवून लावायचे. खुर्चीवर बसण्याआधी हात मागे नेऊन खुर्ची चाचपायचे. डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवून झालं होतं, चष्मा नवा होता, नजर ठणठणीत निघाली होती. "मग अडतंय कुठे?" मी विचारायचे. "कलाकार माणूस आहे, तंद्रीत असतो. तू उगाच कशाला डोक्याला ताप करून घेतेस?"

बाबा जन्मभर स्थिरचित्रं काढत आले. खिडकीशेजारचं टेबल, त्यावर पांढरी किटली, निळी बाटली, दोनचार लिंबं. डावीकडून येणारा उजेड इतका गुळगुळीत उतरायचा की पाहुणे लिंबाला बोट लावून बघायचे. आणि वर्षभरापासून तीच किटली, तीच बाटली, पण चित्र पार वेगळं. टेबल उभं राहिल्यासारखं वर उचललेलं, सावल्या गायब, किटलीचा दांडा किटलीपासून सुटून बाजूला. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा टाळ्याच वाजवल्या. "बाबा, तुम्ही नव्या शैलीत शिरलात!" ते बराच वेळ चित्राकडे बघत राहिले, मग म्हणाले, "असं म्हणतेस? बरं." आईनं भांडी जरा जोरात आपटली.

म्हणून परीक्षेच्या सादरीकरणासाठी मी हाच विषय घेतला. विषय ठरलेला होता, दोन चित्रशैलींची तुलना. मी बाबांचं एक जुनं आणि एक नवं, अशी दोन्ही मूळ चित्रं कापडात गुंडाळून वर्गात नेली. मनात खूणगाठ बांधली होती की तज्ज्ञ बाईंच्या तोंडून एकदा निकाल लागला की घरी जाऊन आईचं तोंड बंद करायचं.

कलेतिहासाच्या बाईंना आम्ही 'कशावरून बाई' म्हणायचो. कोणी म्हणालं, "हे चित्र उदास आहे," की बाई लगेच, "कशावरून? बोट ठेव." बोट ठेवता आलं नाही तर खाली बसायचं. त्यांचा एक नियमच होता: चित्राखालची नावाची पट्टी झाकायची, चित्रकाराच्या आयुष्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. काय दिसतं ते आधी, त्याचा अर्थ नंतर, आणि शेवटी दुसरा कुठला अर्थ लागू शकतो का ते. त्यामुळे ही चित्रं माझ्या बाबांची आहेत हे वर्गात कुणालाच माहीत नव्हतं. मी कोपऱ्यातल्या सहीवर कागदाची पट्टी चिकटवली होती.

सुरुवात झकास झाली. पहिलं चित्र एका जागी उभं राहून पाहिलेलं, मी सांगितलं. टेबलाच्या दोन्ही कडा मागे जाताना जवळ येतात, उजेड एकाच बाजूनं येतो, सावल्या उलट दिशेला पडतात. म्हणजे वस्तू डोळ्यांना जशी दिसते तशी रंगवायची शैली. दुसऱ्यात टेबल वरून पाहिलेलं आणि किटली समोरून. म्हणजे एकाच चित्रात अनेक जागांवरून पाहणं. सावल्या नाहीत, म्हणजे चित्रातली खोली, तो जवळ-लांबचा भास, मुद्दाम काढून टाकलेली. दांडा सुटा, म्हणजे वस्तूचे भाग मोकळे करून नव्यानं मांडलेले. "इथे चित्रकार नियमातून मुक्त झालेला दिसतो," असं म्हणून मी थांबले. पोरांनी टेबलं वाजवली.

बाई उठून चित्राजवळ आल्या. "टेबल वरून पाहिलंय म्हणतेस. मग बाटलीचं तोंड बघ. वरून पाहिलं तर ते कसं दिसायला हवं?"

"गोल," मी म्हणाले.

"आणि इथे?"

इथे ते चपटं होतं. समोरून बघताना दिसतं तसं, अगदी जपून काढलेलं. फक्त सगळी बाटलीच एका बाजूला कलली होती.

"किटलीही समोरून, बाटलीही समोरून. मग वरून पाहिलेलं काय काय आहे?"

"टेबल."

"फक्त टेबल. ठीक. आता खोली मुद्दाम काढलीय म्हणालीस. कशावरून?"

"सावल्या नाहीत."

मागच्या बाकावरून वकील उठला. हा आमच्या वर्गातला वाद घालण्यात पटाईत मुलगा, म्हणून नाव वकील. "बाटलीला सावली आहे की," तो म्हणाला. "फिकट आहे. पण ती खिडकीच्या बाजूला पडलीय. उजेडाकडे."

मी वाकून पाहिलं. होती. घरी इतक्या वेळा बघूनही ती मला दिसली नव्हती.

"आणि हे लिंबू," बाई म्हणाल्या. "याच्यावर काय दिसतं?"

लिंबावर सगळं होतं. डावीकडे चमक, मग पिवळा, मग हिरवट, मग खालच्या कडेला टेबलावरून उलटून आलेला मंद उजेड. बारीक कुंचल्याचे फटकारे एकमेकांत विरघळवलेले. बाबांचं लिंबू. बोट लावून बघावंसं वाटणारं.

"ज्याला खोली नको आहे, तो एका लिंबाला गोल करायला इतका जीव काढेल का?"

मी म्हणाले, "पण दांडा? दांडा तर मुद्दामच वेगळा ठेवलाय. त्याच्याभोवती आणखी रेघा आहेत, बघा ना. अनेक क्षण एकत्र दाखवलेत."

"बघू," बाई म्हणाल्या. त्यांनी खिडकीचे पडदे ओढायला सांगितले, मोबाईलचा टॉर्च लावला आणि कॅनव्हासला जवळजवळ चिकटवून आडवा धरला. समोरून उजेड पडला की रंगाचा थर सपाट वाटतो. आडव्या उजेडात प्रत्येक उंचवट्याची सावली पडते. चित्रात किटलीच्या बाजूला रंगवलेली साधी करडी भिंत एकदम खडबडीत झाली.

तिथे दांडे होते. एकाखाली एक, एकाशेजारी एक, रंगाखाली गाडलेले. काही सुरीनं खरवडलेले, काहींवर भिंतीचा करडा रंग जाडसर फासलेला. एक तर चक्क किटलीच्या तोटीच्या बाजूला होता. कोणी मोजायला लागलं तसं बाईंनी हातानं गप्प केलं.

"याला अनेक क्षण दाखवायचे असते, तर त्यानं यातले दांडे उघडे ठेवले असते," त्या म्हणाल्या. "यानं प्रत्येक झाकलाय. त्यावरून काय म्हणता येतं?"

"प्रत्येक त्याला चुकीचा वाटला," वकील म्हणाला. मग चित्राकडे बोट करून, "त्याला एकच दांडा हवा होता. किटलीला जोडलेला. म्हणजे ही दुसरी शैली नाहीच, मॅडम. पहिल्या चित्रासारखंच चित्र काढायला बसलाय, आणि जमत नाहीये."

"दुसरा अर्थ? एखाद्या शिकाऊ मुलानं नक्कल केली असेल?"

"नाही. लिंबू बघा. दोन्हीकडे हात तोच आहे. हाताला सगळं येतंय. कुठली वस्तू कुठे आहे, तेवढंच येत नाहीये."

त्या पोराचा मला इतका राग आला की त्याच्या कानशिलात द्यावीशी वाटली. हवेत सोडलेला कप, एक घर चुकलेली बटणं, मागे चाचपणारा हात, सगळं मला एका ओळीत दिसायला लागलं. आई बिचारी कितीतरी महिने बोट ठेवून दाखवत होती, आणि मी तिला अडाणी ठरवत होते.

"का जमत नाहीये?" कोणीतरी विचारलं.

"ते चित्रात दिसत नाही," बाई म्हणाल्या आणि टॉर्च बंद केला. "म्हणून ते आपण बोलायचं नाही." मग माझ्याकडे वळून, "तुझा निष्कर्ष टिकला नाही. पण मूळ चित्रं आणलीस म्हणून एवढं बघता आलं. गुण चांगले देईन." मी मान हलवली. चित्रं गुंडाळताना सहीवरची पट्टी काढायची राहूनच गेली.

घरी आले तेव्हा आई दारातच म्हणाली, "काय गं, चेहरा का असा?" मी तिच्या खांद्यावर डोकं टेकलं, 'तुझं बरोबर होतं' एवढंच म्हणाले. तिनं माझ्या हातातली चित्रं घेतली. 'बघ, मी म्हणत होते,' असं ती म्हणाली असती तर मला जरा बरं वाटलं असतं.

बाबा खिडकीशी नवा कॅनव्हास लावून बसले होते. टेबलावर किटली, बाटली. मी त्यांच्या शेजारी स्टूल ओढलं; कॅनव्हासवर दांडा परत सुटाच होता.

"बाबा, हा दांडा इथे वेगळा का काढलात?"

त्यांनी कुंचला खाली घेतला. किटलीकडे पाहिलं, कॅनव्हासकडे पाहिलं, परत किटलीकडे. "मी नाही गं वेगळा काढला," ते हळूच म्हणाले. "किटलीकडे बघतो तेव्हा दांडा तिथेच असतो. इकडे वळलो की कुठे लावायचा ते सापडतच नाही. खरवडतो, परत काढतो. पहिल्यांदा फार घाबरलो होतो. तुझ्या आईला बोलणारच होतो."

"मग बोलला का नाहीत?"

"तू म्हणालीस ना, नवी शैली आहे म्हणून. तू शिकतेस, तुला कळतं. मला इतकं हायसं वाटलं. म्हटलं, पोरगी एवढी ठाम आहे, म्हणजे असेल तसंच."

खोटं बोलावं असं फार वाटलं, पण आता खोटं बोलायलाही माझ्याकडे काही उरलं नव्हतं.

"ती शैली नाहीये, बाबा," मी म्हणाले. "माझं चुकलं. उद्या आपण तिघं डॉक्टरकडे जाऊ."

ते रागावतील असं मला वाटलं होतं. ते रागावले नाहीत. दुसरं कुणी वाईट बातमी सांगेल याची वाट बघून दमलेल्या माणसासारखी त्यांनी मान हलवली. कुंचला धुवायला टर्पेंटाइनच्या भांड्यात बुडवायला गेले, तो भांड्याच्या बाहेरच टेकला. मी त्यांचा हात धरून आत नेला.

"औषध असतं का याला?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही."

"लिंबू तर येतंय अजून," ते म्हणाले. मग परवानगी मागावी तसं, "तोवर नुसती लिंबं काढत बसलो तर चालेल का गं?"