उलटा तक्ता

दुभाषीबाई नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत, निदान शब्दांच्या बाबतीत तरी. हवामान खात्याच्या फळ्यावरच्या अंदाजाचा आणि नकाशाचा मोबाइलवर काढलेला फोटो रोज सकाळी बंदराच्या कचेरीत यायचा. त्यातल्या मजकुराचं अरबी करायचं आणि नकाशासकट तो तक्ता साहेबांची सही घेऊन धक्क्यावरच्या काचपेटीत लावायचा, हे बाईंचं काम. मुक्कामाला आलेल्या सात गलबतांवरच्या खलाशांना दुसरी भाषा वाचता येत नव्हती. त्यांचा म्हातारा तांडेल तक्त्याखाली बाईंचं नाव आहे ना, हे आधी बघायचा आणि मगच नांगर हलवायचा.

त्या दिवशीचा अंदाज वाईट होता. संध्याकाळी नैऋत्येकडून चाळीस नॉटचा वारा, तापमान सत्तावीस सेल्सिअस, इशारा नारिंगी.

"नारिंगी कशाला? पिवळा करा," साहेब म्हणाले. "परकी माणसं आहेत, उगाच धाबं दणाणायचं त्यांचं."

"रंग खात्यानं दिलाय, साहेब. मी नाही."

"बरं, मग फॅरेनहाइट तरी लिहा. आकडा जरा भारदस्त दिसतो."

बाईंनी तेही होऊ दिलं नाही. दोन्ही लढाया जिंकल्या आणि खुशीत चहा प्यायला गेल्या. चित्र काही आपल्या खात्यात येत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि इथेच त्यांचं चुकलं.

कारण तेवढ्या वेळात साहेबांना कल्पना सुचली. अरबी उजवीकडून डावीकडे वाचतात, मग चित्रही तसंच नको का? संगणकवाल्या भाऊंनी एक बटण दाबलं आणि अख्खा नकाशा आरशात पाहावा तसा फिरवला. किनारा मेला दोन्हीकडे सारखाच, मधोमध दक्षिणेकडे समुद्रात घुसलेली टेकडी. त्यामुळे कोणाला काही वावगं दिसलं नाही. फक्त वाऱ्याचा बाण आता नैऋत्येऐवजी आग्नेयेकडून येत होता.

चित्र आणि मजकूर जुळत नाहीत, हे साहेबांच्या लक्षात आलं, नाही असं नाही. पण चित्र खात्याचं आणि शब्द बाईंचे, तेव्हा चूक बाईंचीच असणार. गेल्या आठवड्याच्या तक्त्यातून 'आग्नेय'चा अरबी शब्द उचलून भाऊंनी 'नैऋत्य'च्या जागी चिकटवला. साहेबांनी सही ठोकली आणि भाऊंनीच तक्ता काचपेटीत लावून टाकला.

दुपारी बाई धक्क्यावर गेल्या तेव्हा खलाशी दोर सोडत होते. तांडेलानं काचपेटीकडे बोट दाखवलं, मग टेकडीच्या पश्चिमेकडे. वारा आग्नेयेचा म्हटल्यावर आडोसा पश्चिमेलाच, त्याचं बिचाऱ्याचं काय चुकलं? पण खरा वारा नैऋत्येचा होता, आणि पश्चिमेला सातही गलबतं खडकावर आपटली असती. बाईंनी तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. खाली नाव त्यांचं होतं. "थांबा, आलेच," एवढं अरबीत सांगून त्या कचेरीत धावल्या.

"सही झाली आता," साहेब म्हणाले. "मंजूर तक्त्यात काना-मात्रा बदलता येत नाही. नवा तक्ता उद्या."

"माणसं मरतील, साहेब."

"असं टोकाचं बोलू नये." मग त्यांना काहीतरी आठवलं. त्यांनी फोन उचलला. "अरे, आपली लाँच पूर्वेला नेऊन लाव. हो, आत्ताच. संध्याकाळी नैऋत्येचा वारा आहे." फोन ठेवून ते बाईंकडे बघून हसले. "आपल्या माणसांना आपल्या भाषेतला अंदाज असतो ना."

बाईंना संताप आला. त्या वळल्या, भाऊंच्या टेबलावरचा जाडा मार्कर उचलला आणि पुन्हा धक्क्यावर आल्या. काचपेटी उघडली. तक्ता काढला आणि पाठ पुढे करून परत लावला. आतली ट्यूबलाइट पातळ कागदातून आरपार आली. नकाशा सुलटा झाला आणि बाण मुकाट्यानं नैऋत्येकडून यायला लागला. कोऱ्या बाजूवर बाईंनी ठळक अरबीत लिहिलं: नैऋत्येकडून वारा, चाळीस नॉट, सत्तावीस अंश सेल्सिअस, नारिंगी इशारा. खाली आपलं नाव.

तांडेलानं नाव बघितलं, बाण बघितला, बाईंच्या तोंडाकडे बघितलं. मग त्यानं माणसांना हाक मारून पूर्वेकडे हात केला.

संध्याकाळी वारा आला तो अंदाजाबरहुकूम. सात गलबतं आणि साहेबांची लाँच टेकडीआड शेजारी शेजारी डुलत राहिली. बाई खिडकीशी बसून ती परत परत मोजत होत्या.

सकाळी टेबलावर मेमो होता: तक्ता उलटा का लावला, खुलासा करा. बाईंनी लिहिलं, "मंजूर तक्त्यात काना-मात्रेचाही बदल केलेला नाही. आपली सही मागच्या बाजूस शाबूत आहे."

साहेबांनी दोनदा वाचलं. सहीला धक्का लागला नव्हता, लाँचलाही नाही. दुपारपर्यंत लेखी हुकूम निघाला: अरबी तक्त्याचं चित्र पूर्वीप्रमाणेच फिरवून छापावं आणि यापुढे प्रत्येक तक्ता उलटाच लावावा.

तेव्हापासून बाई रोज मार्कर घेऊन धक्क्यावर जातात. वारा बरोबर दिशेनं येतो, आणि कचेरीत कोणालाही चूक सुधारावी लागलेली नाही.