वरचे तीन ट्रक

खंडेराव गेटच्या आतल्या गल्लीत दोन मराठी घरं खांद्याला खांदा लावून उभी होती, आणि दोन्ही अंगणांच्या मधल्या भिंतीत एक दिंडी होती. इतकी बुटकी, की मोठ्या माणसाला कंबरेत वाकूनच जावं लागे. स्नेहलता रोज सकाळी दहाच्या आधी त्या दिंडीशी उभी राहायची. पलीकडून यमुनाबाईंचे दोन हात पुढे यायचे, अलीकडून तिचा मधु त्या हातांत जायचा, आणि स्नेहलता रेल्वे कॉलनीतल्या प्राथमिक शाळेत शिकवायला निघायची. चारला परत आली की त्याच दिंडीतून पोरगं परत, न्हाऊनमाखून, डोळ्यांत काजळ, तोंडाला गूळपोळीचा वास.

भुसावळहून लग्न होऊन आलेल्या मुलीला झाशीत आपलं असं माणूस कोण? सासू-सासरे लग्नाआधीच गेलेले. मधुच्या वेळी रात्रभर कळा सोसल्या तेव्हा कपाळावर हात होता तो यमुनाबाईंचा. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. शाळेतली जागा अजून तात्पुरती होती, वर्षअखेर कायम व्हायची होती. ती होणार की नाही हे त्या दिंडीवर होतं, आणि हे स्नेहलता पक्कं जाणून होती.

नवरा रघुनाथ रेल्वेत बांधकामावर ओव्हरसियर. उन्हाळ्यात गल्लीतला नळ शिंकल्यासारखं पाणी द्यायचा, तेव्हा त्यानेच काढलं की अंगणात जमिनीखाली टाकी बांधू. दोन्ही घरांना पुरेल अशी. भिंतीखालून एक पाइप काकांकडे. गोविंदराव काका म्हणजे यमुनाबाईंचे यजमान. तीस वर्षं मालधक्क्यावर गुड्स क्लार्क होते, आता निवृत्त. नगरपालिकेच्या नकाशावर शेजारी म्हणून त्यांनी चष्मा पुसून, दोनदा वाचून सही केली. दहा फूट लांब, नऊ रुंद, आठ खोल. म्हणाले, “रघुनाथा, पाणी आलं की पहिला हंडा तुझ्या काकूच्या हातात.”

माघात खणायला सुरुवात झाली. वर हातभर तांबडी माती आणि खाली कडक मुरूम, कुदळ टणटण वाजायची. अंगणात माती ठेवायला जागा नाही, गल्लीत ट्रक शिरत नाही. बाया टोपल्यांनी माती गल्लीच्या तोंडाशी नेत, तिथे विश्वंभर नावाच्या बुंदेली ड्रायव्हरचा जुनाट ट्रक उभा असे. तो भरला की बिजौलीकडच्या एका खोलगट जागेत रिकामा व्हायचा. बाजारातून माती सांडत नेऊ नये म्हणून रघुनाथने ताकीदच दिली होती, फळीच्या वर भरायची नाही. वरून लाकडी पट्टी फिरवून सपाट करायची.

काका गल्लीच्या तोंडाशी चहाच्या टपरीवर बसून फेऱ्या मोजत. कुणी सांगितलं नव्हतं. ज्याने जन्मभर मालगाडीच्या वाघिणी मोजल्या, तो समोर ट्रक भरताना दुसरं काय करणार?

ट्रकचा नजरेनेच अंदाज बांधलेला, तेव्हा आठव्या फेरीला ते उठले. काम आटोपलं म्हणून घरी आले. आंघोळीचं पाणी काढून घेतलं आणि बाहेर पाहतात तर नववा भरतो आहे. मग दहावा. अकरावा थोडा उणा होता, पण गेला.

त्या संध्याकाळी त्यांनी ट्रकचा हौदा स्वतः टेपने मोजला. दहा बाय सहा, फळी दीड फूट. नव्वद घनफूट. खड्डा सातशे वीस. नव्वद आठे सातशे वीस, एक चिमूटही इकडे-तिकडे नाही. मग त्यांनी सहज विचारल्यासारखं विश्वंभरला विचारलं, भैया, इतने फेरे कैसे लग गए? तो बिडी शिलगावत म्हणाला, “बाबूजी ने तो पहलेई कै दई ती, ग्यारा लगहें. बीच में दूसरो काम मत पकड़ियो.”

रघुनाथने सांगून ठेवलं होतं, पहिल्याच दिवशी. अकरा.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. काकांच्या घराण्यात एक समजूत होती. सत्तावनच्या धामधुमीत पळून जाताना कुणा पूर्वजाने मोहरांचा हंडा देवघराखाली पुरला, आणि परत येणारं कुणी उरलं नाही. झाशीत अशी समजूत नसलेलं जुनं घर शोधून सापडायचं नाही. काका त्यावर हसत. पण देवघरातली फरशी त्यांनी कधी बदलू दिली नव्हती, हेही खरं.

टाकीला विटा लागून गिलावा झाला तेव्हा काका आले. दिंडीतून नाही, पुढच्या दाराने, पायात जोडे. स्नेहलतेने तेव्हाच ओळखलं, हे नेहमीचं येणं नव्हे.

त्यांनी हिशेब मांडला. आवाज चढवला नाही. आठ ट्रकांचा खड्डा आणि अकरा ट्रक माती. वरचे तीन ट्रक आले कुठून? अडीचशे घनफूट माती. अडीच फूट रुंद, पाच फूट उंच, वीस फूट लांब भुयाराची होते तेवढी. टाकीपासून वीस फुटांवर त्यांचं देवघर होतं.

रघुनाथ आधी हसला. तिथेच चुकलं. म्हाताऱ्या माणसाच्या हिशेबाला हसू नये. मग त्याने समजावलं, की काका, जमिनीत माती दाबून बसलेली असते. कुदळ लागली की तिची ढेकळं होतात, ढेकळांत पोकळी राहते, ती फुगते. हा मुरूम दहाचा साडेतेरा होतो. सातशे वीसचे पावणेदहाशेच्या आसपास, म्हणजे अकरा ट्रक, शेवटचा थोडा उणा. रेल्वेत रोज हेच करतो. आधी सांगितलं नाही तर ड्रायव्हर आठव्या फेरीला निघून जातो आणि उरलेली माती अंगणात पडून राहते.

“तुम्ही कापसाच्या गाठी पाहिल्यात ना काका? सोडली की खोलीभर होते. वजन तेवढंच.”

“गाठ मी तोलून घेतलेली असे,” काका म्हणाले. “चढली तेवढी उतरली पाहिजे. तुझ्या मातीची पावती कुठाय?”

त्यांनी काठी टेकत टाकीत उतरून त्यांच्या बाजूची भिंत ठोकली. गिलावा ओलसर होता, आवाज बद्द आला. ते म्हणाले, मागे पोकळ आहे की भरीव, हे असं कसं कळणार? एवढी बाजू फोडून दाखव. देवाशपथ, मग एक शब्द बोलणार नाही.

रघुनाथचा चेहरा दगड झाला. फोडणार नाही, म्हणाला.

त्या रात्री स्नेहलतेने नवऱ्यापुढे पदर पसरायचंच बाकी ठेवलं. म्हटलं, चार विटा काढा. मागे कोरी माती दिसेल, काका मान खाली घालतील, आपण पुन्हा लिंपू. तो म्हणाला, सांधा कधी एकजीव होत नाही, पाणी झिरपेल, त्यांच्याच घराच्या पायात शिरेल. हे खरं होतं. पण मग जे म्हणाला तेही तितकंच खरं होतं, आणि तेच कारण होतं.

“मी बरोबर आहे, स्नेहा. बरोबर माणसाने भिंत का फोडायची?”

मधु दोघांच्या मध्ये झोपला होता, मूठ आईच्या पदरात. बरोबर असणं किती महाग पडतं, ते त्या मुठीला काय ठाऊक. तिला वाटलं, आपणच उठावं, छिन्नी घ्यावी. उठली नाही. नवऱ्याचं काम बायकोने फोडलं असं गल्लीने म्हटलं असतं. गल्ली तर आता तसंही बरंच काही म्हणत होती.

सकाळी दिंडीला पलीकडून कडी होती. स्नेहलतेने मधुला कडेवर घेऊन दोनदा कडी वाजवली. पलीकडे भांड्यांचा आवाज होता, तो थांबला. तिने त्या दिवशी रजा टाकली. मग आणखी. हेडमास्तरीणबाई पहिल्यांदा गोड बोलल्या, नंतर बोलल्या नाहीत.

फाल्गुनात काकांनी देवघराची फरशी उखडली. आवाज भिंतीतून ऐकू यायचा. मजूर लावला नाही, कुणाला कळायला नको म्हणून. स्वतःच कुदळ घेतली. छातीइतकं खणलं. हंडा नव्हता. हंडा नाही, म्हणजे कुणीतरी नेला. ज्या समजुतीवर ते जन्मभर हसले, ती आता त्यांच्याकडे चोरीचा पुरावा होऊन बसली.

आणि मग खड्डा बुजवायची वेळ आली.

स्नेहलता गच्चीवर कपडे वाळत घालत होती. खाली काकांच्या अंगणात दिसलं, देवघरातून काढलेली माती ते घमेल्याने परत आत नेत होते. खड्डा भरला. काका आत नाचत असल्यासारखे तुडवत होते, धप् धप्. पुन्हा घमेली. पुन्हा तुडवणं. फरशा बसवल्या, त्या दारातून दिसत होत्या, आणि बाहेर अंगणात माती उरलीच होती. गुडघाभर ढीग. खड्ड्यातून काही काढलं नव्हतं, खड्ड्यात काही घातलं नव्हतं, आणि माती वर उरली होती.

काका त्या ढिगाशी बराच वेळ उभे राहिले. स्नेहलतेच्या हातातलं मधुचं झबलं तसंच राहिलं. तिला वाटलं, आता वर पाहतील. आता हाक मारतील, अगं स्नेहा, म्हणून. तिने उत्तरही तयार ठेवलं होतं, की काका, जाऊ द्या.

त्यांनी वर पाहिलं. दोघांची नजर मिळाली. मग ते आत गेले आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दिंडीची कडी निघाली. यमुनाबाई होत्या. वाकलेल्याच राहिल्या, उंबऱ्याच्या अलीकडे आल्या नाहीत. मधु “काकू” म्हणत दुडदुडत गेला, तर त्यांनी त्याला उचललं नाही, नुसती त्याच्या गालावर बोटं ठेवली. बोटांना माती होती. उरलेली माती त्या कुंड्यांत भरत होत्या, तुळशीत, जिथे जागा मिळेल तिथे.

“मला कळलं गं,” त्या म्हणाल्या. “त्यांनाही कळलंय. म्हणून तर.”

“मग सांगा ना त्यांना, काकू.”

“काय सांगू? चोर म्हणालेत ते तुझ्या नवऱ्याला, चार जणांत. आता ते खोटं होतं म्हणायचं, तर कोणत्या तोंडाने? त्यापेक्षा चोरच असलेला बरा तो.” मग म्हणाल्या, “आणि त्याने तरी चार विटा काढायच्या होत्या.”

दिंडी लागली. आठवड्याने काकांनी गवंडी बोलावून ती विटांनी बंद केली.

स्नेहलतेची जागा चैत्रात दुसऱ्या बाईंना मिळाली. टाकी भरली, एक थेंब झिरपली नाही. रघुनाथचं काम पक्कंच असायचं. काकांकडे जायचा पाइप भिंतीच्या अलीकडे तोंडाला बूच मारून ठेवलेला होता. वैशाखात यमुनाबाई नळावर रांगेत उभ्या राहायच्या, कमरेवर हंडा, डोक्यावर पदर. स्नेहलतेने एकदा भरलेली कळशी कामवालीबरोबर पाठवली. ती भरलेलीच परत आली.

पावसाळ्यानंतर काकांच्या देवघरातल्या फरशा मधोमध खचल्या. तुडवलेली माती अखेर खाली बसली. ती भरून काढायला कुंड्यांतली माती पुन्हा आत गेली असं ऐकलं. रघुनाथने ते ऐकून मान हलवली, एवढंच. म्हणजे त्याचं गणित दोन्ही अंगांनी खरं ठरलं होतं.

मधु आता पळायला लागला होता. सकाळी दहाच्या सुमाराला, आई डोळ्यांसमोर असतानासुद्धा, तो अंगणाच्या त्या कोपऱ्यात जायचा, नव्या विटांपुढे उभा राहायचा, आणि दोन्ही हात वर करायचा. कुणी घेत नाही असं पाहून हात तसेच धरून ठेवायचा. स्नेहलता लगेच उठायची नाही. आधी डोळे पुसायची, मग जाऊन त्याला उचलायची.