सात, आठ, नऊ

दिल्लीत सरोजिनी नगरातल्या एका शाळेत दर जानेवारीत भर असेंब्लीत सामान्य ज्ञानाची स्पर्धा व्हायची, आणि स्पर्धेनंतर आठवड्याच्या आत सूर्यकांत देवधरांचं पत्र यायचं. देवधर कृषी मंत्रालयातून अवर सचिव म्हणून निवृत्त झालेले, नात त्याच शाळेत, सहावीत. पाच वर्षांत पाच पत्रं. शेवटचं साडेतीन पानांचं होतं. जगातली सर्वांत लांब नदी नाईल, हे उत्तर देऊन शाळेनं ॲमेझॉन म्हणणाऱ्या मुलीवर अन्याय केला, असं त्यात होतं. सोबत दोन्ही बाजूंच्या नकाशांच्या झेरॉक्स.

ते पत्र वाचून मुख्याध्यापिका अहिल्या मॅडम यांनी हेमलताबाईंना बोलावलं. स्पर्धा बाईंनीच सुरू केलेली, चौदा वर्षांपूर्वी. मॅडमचं म्हणणं थोडक्यात असं, की आणखी एका उत्तरावर वाद झाला तर स्पर्धा बंद, असेंब्लीत त्या दिवशी योगासनं.

बाई समाजशास्त्र शिकवायच्या. समाजाचं एक शास्त्र त्यांना पुस्तकाबाहेरही ठाऊक होतं: ज्याच्याकडून तक्रार येते त्यालाच सही करायला लावावी. त्यांनी पन्नास प्रश्न पन्नास कार्डांवर लिहिले आणि पुढच्या वर्षी, जानेवारी २०२० च्या दुसऱ्या आठवड्यात, देवधरांच्या सुनेच्या क्वार्टरवर पोचल्या. साहेब, तुमच्या नजरेखालून गेल्याशिवाय एकही प्रश्न विचारणार नाही, म्हणाल्या. देवधरांनी चष्मा पुसला. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे पहिल्यांदाच मंजुरीसाठी काहीतरी आलं होतं.

बाईंची स्वतःची कसोटी कडक होती. प्रश्न दहा वर्षांनी उघडला तरी उत्तर तेच निघायला हवं. दोन चांगल्या पुस्तकांत दोन उत्तरं असतील तर प्रश्न रद्द. आणि एखादी गोष्ट बदलणारी असेल, तर कुठल्या तारखेची ते प्रश्नातच हवं. ‘सध्या’ आणि ‘आज’ हे दोन शब्द त्यांनी कार्डांवर येऊच दिले नव्हते.

देवधर त्यांच्याही पुढचे निघाले. राष्ट्रीय खेळ कोणता? खोडला, सरकारनं तसा कुठला खेळ जाहीरच केलेला नाही. विमानाचा शोध कोणी लावला? खोडला, भांडणाचं घर. एव्हरेस्टची उंची? नेपाळचं नवं मोजमाप चालू आहे, थांबा. शरीरात हाडं किती, यावर बाईंनी ‘प्रौढ माणसाच्या’ हे शब्द आधीच घातले होते. देवधरांनी ‘सर्वसाधारणपणे’ची मागणी केली, आणि मग ‘सर्वसाधारणपणे’ असलेला प्रश्न स्पर्धेत शोभत नाही म्हणून स्वतःच तो काढून टाकला. सोन्याची रासायनिक खूण टिकली. एव्हरेस्टवर पोचलेली पहिली भारतीय महिला टिकली. पहिली एकदाच होते, हे दोघांनाही मान्य. चहाचे तीन कप, खोडलेले प्रश्न तीस.

शेवटच्या कार्डावर लिहिलं होतं: ‘३१ ऑक्टोबर २०१९ रोजी जम्मू-काश्मीरच्या विभाजनानंतर देशात केंद्रशासित प्रदेश किती झाले?’ उत्तर, नऊ.

देवधरांनी तारखेवर पेन टेकवलं. “बाई, ही तारीख, हे विभाजन, एवढं माइकवर वाचेपर्यंत पोरं झोपतील. ‘देशात केंद्रशासित प्रदेश किती?’ बस.”

बाई म्हणाल्या की तारीख काढली तर प्रश्न उघडा पडेल.

“कसला उघडा? स्पर्धा चोवीसला, शुक्रवारी. सव्वीसपासून दमण-दीव आणि दादरा-नगर हवेली एक होणार, मग आठ. गॅझेट मला नका सांगू. चोवीसला नऊ म्हणजे नऊ.”

बिनतोड होतं. शिवाय सही अजून व्हायची होती. तारीख गेली, आणि देवधरांनी विसाच्या वीस कार्डांवर लफ्फेदार सह्या केल्या, खाली ‘सेवानिवृत्त’ हा शब्द शक्य तितका बारीक.

चोवीसला पाहुणे उशिरा आले. त्यांच्यासाठी देशभक्तीचा नाच पुन्हा पहिल्यापासून झाला आणि असेंब्लीची वेळ संपली. अहिल्या मॅडमनी स्पर्धा सोमवारवर ढकलली. कार्डांचं सीलबंद पाकीट कपाटात गेलं. सव्वीसचं झेंडावंदन, लाडूंचे डबे, वाटपात कमी पडलेले अकरा लाडू, या सगळ्यात बाईंनी ते उघडलं नाही. खरं म्हणजे उघडायचं काही कारणही नव्हतं. सगळं मंजूर होतं.

सोमवारी, सत्तावीसला, धुक्यात मैदानावर सातशे मुलं उभी राहिली. पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर देवधर, मफलर गुंडाळून. एकोणीस प्रश्नांनंतर यमुना आणि कावेरी हे शाळेतले दोन गट बरोबरीत. विसावा प्रश्न कावेरीला.

“देशात केंद्रशासित प्रदेश किती?” बाईंनी वाचलं.

कावेरीचा विश्वनाथ, आठवीतला, लगेच म्हणाला, “आठ.”

कार्डावर नऊ होतं. बाईंना त्या क्षणी तारीख आठवली, दोन्ही तारखा आठवल्या, आणि हेही कळलं की ‘चूक’ म्हणून टाकलं तर काहीही होणार नाही. तक्रार करणारा एकच माणूस, आणि त्याची सही अंगठ्याखाली. शाळेच्या इतिहासात इतकं सुरक्षित चुकीचं उत्तर पूर्वी नव्हतं.

मुलगा त्यांच्याकडे बघत होता.

“आठ,” बाई माइकमध्ये म्हणाल्या. “बरोबर.”

कावेरीनं टाळ्या वाजवल्या आणि यमुनेचा कप्तान पुस्तक उंच धरून पुढे आला. “मॅडम, किताब में तो सात लिखा है.” पुस्तक गेल्या वसंतात छापलेलं, त्याच्या जागी तेही खरंच होतं. विश्वनाथ म्हणाला, त्याचा मामा दमणला असतो, काल तिकडे कार्यक्रम झाला. अहिल्या मॅडम खुर्चीतून उठल्या आणि हात पुढे केला. “हेमलता, कार्ड द्या. कार्डावर काय आहे?”

कार्डावर नऊ आहे, असं बाईंनी सांगितलं. आजवर एका प्रश्नाला दोन उत्तरं निघायची. या वर्षी तीन निघाली होती.

मॅडमनी सही पाहिली, मग सही करणाऱ्याकडे पाहिलं. देवधर आले. कार्ड घेतलं, वाचलं, पुन्हा वाचलं. नातीसकट सातशे मुलं वाट बघत होती. मग त्यांनी खिशातून पेन काढलं, सहीखाली ‘दि. २६-१-२०२० पासून आठ’ असं लिहिलं, त्यावर छोटी सही केली, आजची तारीख घातली, आणि एवढं झाल्यावरच माइककडे वळले.

“पुस्तक छापलं तेव्हा सात. शुक्रवारी नऊ. आज आठ. मुलाचं उत्तर बरोबर आहे.”

तारीख कोणी खोडली ते त्यांनी सांगितलं नाही. बाईंनीही नाही. कावेरी जिंकली. यमुनेच्या कप्तानानं पुस्तक दप्तरात ठेवलं.

त्याच दिवशी बाईंनी योगासनांची तयारी मनातल्या मनात सुरू केली. गुरुवारी देवधरांचं पत्र आलं. मॅडमनी ते बाईंच्या समोरच फोडलं. एकच पान. स्पर्धेचा दिवस बदलल्याची सूचना मंजुरी देणाऱ्यास लेखी मिळाली नाही, हे कार्यपद्धतीस धरून नाही. यापुढे दिवस बदलल्यास सर्व कार्डं पुन्हा पाठवावीत, मी घरीच असतो. खाली एक ओळ: बदलणाऱ्या गोष्टींच्या प्रश्नांत तारीख ठेवावी, असं माझं मत आहे.

“ही तक्रारच ना?” मॅडमनी विचारलं.

“आहे. पण उत्तराबद्दल नाही.”

मॅडमनी पत्र उलटसुलट पाहिलं. उत्तराबद्दल खरंच एक अक्षर नव्हतं.

“मग पुढच्या वर्षी पन्नास नाही, साठ लिहा,” त्या म्हणाल्या. “ते जास्त खोडतात.”