आफ्टर-ऑफ-अप-डाऊन-आऊट

आमच्या नाशिकच्या ऑफिसात शिपायाचा क्लार्क व्हायचा तर इंग्रजीचा एक पेपर द्यावा लागायचा. पन्नास मार्कांचा. त्यातले वीस मार्क एकाच प्रश्नाला: दहा वाक्यं, प्रत्येकात क्रियापदापुढं रिकामी जागा, तिथं ऑफ, अप, डाऊन असला योग्य तो तुकडा घालायचा, आणि दोन्ही मिळून अर्थ काय होतो ते सोप्या इंग्रजीत लिहायचं. तुकड्याला एक मार्क, अर्थाला एक.

आता यात अवघड काही नव्हतं, कारण बासष्ट सालापासून पेपर एकच होता. एकच स्टेन्सिल, दरवर्षी सायक्लोस्टाइल यंत्रावर तिच्याच प्रती निघायच्या. अधीक्षक डोंगरे साहेबांचं म्हणणं असं की इंग्रजी भाषा काय दरवर्षी बदलते का? उत्तरांचा कागदही एकच, तो त्यांच्या खणात सीलबंद.

त्यामुळं शिपायांनी वाक्यं वाचणं केव्हाच सोडलं होतं. क्रम पाठ करायचा. टपाल वाटता वाटता गेणू म्हणायचा, "आफ्टर-ऑफ-अप-डाऊन-आऊट," आणि पाण्याचा माठ भरता भरता पुंजा पुढचं म्हणायचा, "इन-अक्रॉस-ओव्हर-ऑन-अवे!" अर्थही तसेच ओळीनं पाठ. एकोणऐंशी साली परीक्षेला नऊ जण बसले, त्यातल्या आठांचं असं भजन तयार होतं.

नववा झुंबर पगारे. वय चव्वेचाळीस, आणि परीक्षेला पंचेचाळिशीच्या आतच बसता यायचं. म्हणजे ही शेवटची. आधी दोनदा तो नापास झालेला, कारण त्याचं पाठांतर मध्येच तुटायचं. 'डाऊन'नंतर नेमकं काय ते त्याला कधी आठवायचंच नाही.

"तुम्ही पाठ करूच नका भाऊ," कॉलनीत शेजारी राहणाऱ्या लताबाई म्हणाल्या. त्या म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवायच्या. "करून बघा. स्टोव्ह विझवा. हां. काय केलं?"

"पुट आऊट."

"सोप्या शब्दांत?"

"स्टॉप बर्निंग."

"विझला म्हणून म्हणता, का पाठ आहे म्हणून?"

"विझला की बाई! हात भाजला ना!"

चार महिने असं चाललं. झुंबरनं विडी सोडली, ती 'गिव्ह अप'. अर्थ, सवय बंद करणं. धाकटीचा ताप उतरला, ते 'गेट ओव्हर', म्हणजे आजारातून बरं होणं. पाहुण्यांना या रविवारी येऊ नका म्हणून कळवलं, ते 'पुट ऑफ'. त्याची बायको मंगलाबाई वैतागून म्हणाली, "अहो, घर चालवताय का पेपर सोडवताय? पाहुणे रुसले ना!"

"क्लार्क झालो की सगळ्यांना बोलवू," झुंबर म्हणाला. खुर्चीत बसायचं होतं त्याला. वीस वर्षं तो दुसऱ्यांच्या खुर्च्या पुसत होता.

आणि नेमकी त्याच वर्षी स्टेन्सिल फाटली.

नव्या टाइपिस्टनं जुना पेपर समोर ठेवून नवी स्टेन्सिल कापली. जुन्या पेपरात प्रश्न दोन रकान्यांत होते, डावीकडं एक ते पाच, उजवीकडं सहा ते दहा. बिचाऱ्यानं ते आडवे वाचले आणि आडवेच टाइप केले, वर नंबर नव्यानं घातले. जुना सहावा प्रश्न दुसरा झाला, जुना दुसरा तिसरा झाला. पहिला आणि दहावा तेवढे जागेवर राहिले.

कुणाला कळलंच नाही. कळायला वाक्यं वाचावी लागतात.

झुंबरनं वाचली. दुसरं वाक्य होतं, फॉर्म भरा. फिल इन, रिकाम्या जागांत लिहिणे. लिहिलं. तिसरं, मीटिंग सोमवारवर गेली. पुट ऑफ, पुढं ढकलणे. लिहिलं. शेजारी गेणू डोळे मिटून ओठ हलवत होता आणि धडाधड लिहीत होता. त्याच्या पेपरात मीटिंगनं आपली सवय सोडली, ऑफिसची जीप बंद पडायची ती अचानक सापडली, आणि नवव्या वाक्यात आग लागलेली असताना त्यानं लिहिलं, ऑन. अर्थ, चालू ठेवणे.

निकाल लागला. आठ जणांना त्या प्रश्नात वीसपैकी वीस. झुंबरला चार. डोंगरे साहेबांनी सील फोडून जुनाच कागद काढला होता आणि नंबराला नंबर लावून तपासलं होतं. एकूण मार्क एकोणीस, पास व्हायला वीस.

झुंबर पेपर घेऊन साहेबांसमोर उभा राहिला.

"साहेब, हे नववं वाक्य वाचा ना. आग आहे. माणसं धावत आली. आग चालू कशाला ठेवतील?"

साहेबांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. मान हळूहळू खाली गेली. मग एकदम वर आली.

"झुंबर, आठ जणांनी काय लिहिलंय?"

"ऑन."

"माझ्या कागदावर नऊ नंबरला काय आहे?"

"ऑन."

"मग ते आठ आणि मी, नऊ माणसं एकीकडं आणि तू एकटा एकीकडं. चुकीचा कोण?"

"साहेब, पण आग..."

"आगीचं आगीपाशी राहू दे. एक ऐक. तुला बरोबर धरलं तर आठ जण नापास, आणि सतरा वर्षांत पहिल्यांदा मी नापास. पुढच्या वर्षी बस. मी बघतो."

"पुढच्या वर्षी मला बसता येत नाही साहेब."

साहेबांनी पेपर मिटून त्याच्या हातात दिला. मग म्हणाले, "तर मग वर अर्ज कर."

दारात गेणू उभाच होता. त्यानं झुंबरला जिन्याखाली ओढलं.

"लेका, मी गावात पेढे वाटलेत रे. पोरीची सोयरीक जुळली, क्लार्कची पोरगी म्हणून. तू अर्ज केला तर माझं काय?"

"तू वाक्य वाचलं होतं का गेणू? एक तरी?"

"वाचायचं कशाला? पाठ होतं ना!"

झुंबरला त्याचा राग येईना, तेच वाईट. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. मंगलाबाई म्हणाली, "खरं आहे ते लिहा. पोरीचं लग्न गेणूभाऊंनी मार्कांवर का ठरवलं?" सकाळी त्यानं अर्ज लिहिला, इंग्रजीत, एकही चूक नाही. लताबाईंनी वाचून नुसती मान हलवली. त्यांचे डोळे भरले होते.

अर्ज गेला. गेणू आवक टपालाच्या टेबलावर क्लार्क म्हणून बसला. झुंबर त्याला पाणी आणून द्यायचा. गेणू ग्लास घेताना वर बघायचा नाही.

तीन महिन्यांनी वरून लिफाफा आला. गेणूनं फोडला, उलटा धरला, सुलटा धरला, आणि घाम पुसत हाक मारली.

"झुंबर, जरा इकडं ये ना. आवक रजिस्टरात विषय मराठीत लिहायचाय. हे काय लिहिलंय?"

झुंबरनं कागद घेतला. वर त्याचंच नाव होतं. निकाल आहे तोच कायम, आणि यापुढं प्रश्नांचा क्रम उत्तरांच्या कागदाप्रमाणं लावत जावा, म्हणजे उमेदवारांचा गोंधळ होणार नाही. त्याआधीच्या ओळीत अर्जाचं काय झालं ते होतं.

"टर्न्ड डाऊन," गेणूनं बोट ठेवून वाचलं. "डाऊन मला येतं! चार नंबर. बंद पडणे. अर्ज बंद पडला का?"

"नाही रे."

"मग? सोप्या शब्दांत सांग."

"नाकारला."

गेणूचा पेन हवेतच राहिला. मग त्यानं पहिल्यांदा वर बघितलं.

"झुंबर... लिहू का?"

"लिही," झुंबर म्हणाला, आणि गेणूनं लिहिलेल्या 'नाकारला'मधला काना राहिला होता तो त्यानं बोटानं दाखवला.