तेवीस मुलं, सतरा पानं

शनिवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी संस्थेच्या ग्रुपवर फोटो पडला. खाली मुख्याध्यापक गोरक्षनाथ दातीर यांचा मजकूर होता: "नववी गणित वार्षिक. अ तुकडी मध्यक ४६, ब तुकडी मध्यक ४५. अ सर्वोच्च ७७, ब सर्वोच्च ५८. अ तुकडीचे अभिनंदन." नऊ वाजून चौदा मिनिटांपर्यंत अकरा अंगठे आणि तीन पुष्पगुच्छ जमा झाले.

अश्विनी म्हस्के तेव्हा पारनेरच्या एसटीत उभी होती. ब तुकडीचं गणित तिचं. नेमणूक तासिका तत्त्वावर, म्हणजे जूनमध्ये बोलावलं तर यायचं, नाही बोलावलं तर विचारायचं नाही. येत्या वर्षी दहावीच्या दोन्ही तुकड्या एकत्र करून गणिताला एकच शिक्षक ठेवायचा, असं संस्थेने ठरवलं होतं. अ तुकडीचे कल्याण गाडीलकर किंवा ती. निवड निकालावर, आणि बैठक आजच साडेअकराला.

तिने फोटो दोन बोटांनी मोठा केला. सर्वोच्च अठ्ठावन्न? तिच्या वर्गातल्या निकिताला शहात्तर होते, आणि ते अश्विनीने स्वतःच्या हाताने चार्टवर लिहिले होते.

या चार्टची जन्मकथा सांगायला हवी, नाहीतर कुणाचा विश्वास बसणार नाही. फेब्रुवारीत पुण्याहून आलेल्या एका बाईंनी शिक्षकांना दोन दिवस निकालाचं विश्लेषण शिकवलं. बॉक्स प्लॉट शिकवला. त्यात गुण चढत्या क्रमाने लावायचे, चार सारखे भाग करायचे, मधल्या दोन भागांवर पेटी काढायची, पेटीत मध्यकाची, म्हणजे बरोबर मधल्या विद्यार्थ्याच्या गुणांची, रेघ मारायची आणि दोन्ही टोकांना शेपट्या ओढायच्या. खोड-पान मांडणीही शिकवली. दशकाचा अंक खोड, एककाचा अंक पान, प्रत्येक विद्यार्थ्याचं एक पान. एकाच पद्धतीने, एकाच मापावर दोन्ही वर्ग काढले की तुलना होते, हे बाईंनी तीनदा सांगितलं होतं. दातीर सरांनी ते तीनदा ऐकलं आणि शाळेत येऊन हुकूम काढला, "दोघांनी एकसारखं नका काढू. तपासणीला वैविध्य दिसलं पाहिजे. गाडीलकर, तुम्ही पेटी. मॅडम, तुम्ही झाड."

त्याप्रमाणे एकाच ड्रॉइंग शीटवर वर अ तुकडीची पेटी आली आणि खाली ब तुकडीचं झाड. दोन्हींच्या शीर्षकात लिहिलं होतं: एकूण विद्यार्थी २३. शुक्रवारी संध्याकाळी अश्विनी घरी गेल्यावर शीट भिंतीवर टाचून तिचा फोटो काढला गेला. शीट आठवडाभर गुंडाळलेली होती. टाचण्या फक्त वर मारल्या आणि खालची कड आपल्या सवयीने वर वळली. फोटोत ब तुकडीचं एवढंच उरलं:

२ | ८
३ | १ ४ ६ ९
४ | ० २ ३ ५ ७ ८
५ | १ २ ४ ४ ६ ८

साठ आणि सत्तरच्या ओळी गुंडाळीत गेल्या होत्या. दातीर सरांनी उरलेली पानं मोजली, सतरातलं मधलं म्हणजे नववं पान धरलं आणि पंचेचाळीस हा मध्यक जाहीर केला. हिशेब चोख होता. वर दोन इंचांवर त्यांच्याच शाळेने लिहिलेला तेवीस हा आकडा वाचायचा तेवढा राहिला.

साडेअकराला कार्यालयात पंखा फिरत होता आणि चिवड्याच्या बशा भरल्या होत्या. सचिव अजिनाथ ठुबे, ज्यांना गावभर तात्या म्हणतात, खुर्चीत आडवे बसले होते. त्यांच्या मोबाईलवर तोच फोटो होता. दातीर सर शेजारी, गाडीलकर खिडकीपाशी. गाडीलकर माणूस हुशार. बॉक्स प्लॉट त्यांनी मोजपट्टीने काढला होता आणि त्यात एका गुणाचीही चूक नव्हती. फोटोही त्यांनीच काढला होता.

"या मॅडम," तात्या म्हणाले. "निकाल पाह्यला. अ तुकडीनं बाजी मारली."

"तात्या, फोटो अर्धा आहे. शीट खालून वळलीये."

"आता फोटोला नावं ठेवनार का?"

दातीर सर पुढे सरसावले. "तात्या, ही पेटी बघा. पस्तीसपासून त्रेसष्टपर्यंत. केवढी लांब आहे! म्हणजे त्या पट्ट्यात मुलांची संख्या भरपूर."

"लांब पेटी म्हणजे जास्त मुलं नाहीत, सर," अश्विनी म्हणाली. "पेटी लांब असो की आखूड, तिच्यात साधारण निम्मीच मुलं. लांब असली तर त्यांचे गुण जास्त पसरलेत, एवढाच अर्थ."

"मंग लांब असनं वाईट का चांगलं?" तात्यांनी विचारलं. प्रश्न चांगला होता. बैठकीतला तो एकमेव चांगला प्रश्न ठरला.

"वर्गात फरक जास्त आहे. वरची मुलं खूप वर, खालची खूप खाली. अ तुकडीतली वरची मुलं माझ्या मुलांपेक्षा थोडी पुढे आहेत, मी नाही म्हणत नाही. पण मधला मुलगा माझा पुढे आहे."

"पंचेचाळीस कसं काय शेहेचाळीसच्या पुढं? आमी काय शाळा शिकलो न्हाई व्हय?"

"तात्या, तुम्हीच मोजा. रेघेच्या उजवीकडचा प्रत्येक अंक म्हणजे एक मूल. किती आहेत?"

तात्यांनी चष्मा कपाळावर चढवला, मोबाईल नाकाशी नेला आणि मोजायला घेतलं. मधे एकदा पडदा विझला, पुन्हा पहिल्यापासून मोजलं. "सतरा."

"आणि वर काय लिहिलंय?"

"तेवीस."

अश्विनीला वाटलं, झालं काम. तात्या मोबाईलकडे बघत राहिले आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला.

"मंजे सहा पोरं गैरहजर! वार्षिकला सहा पोरं गैरहजर आन् तुमी मला आज सांगता?"

"बघा," दातीर सर हळहळले. "उपस्थितीचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता."

ज्या माणसाच्या सहीने तेवीस उत्तरपत्रिकांचा गठ्ठा कपाटात गेला, त्याने हे म्हणावं! अश्विनीने पिशवीतून गुणांचं रजिस्टर काढलं आणि टेबलावर उघडलं. "हे तेवीस. हे फोटोत न दिसणारे सहा. साठ, त्रेसष्ट, पासष्ट, एकाहत्तर, चौऱ्याहत्तर, शहात्तर. तेवीसातला मधला बारावा. त्याला एक्कावन्न आहेत."

तात्यांनी रजिस्टर बोटाने जरासं दूर सारलं. "हे कुनी लिव्हलं?"

"मी."

"तेच तर. हे तुमच्या हातचं. फोटो सायबांनी पाठवलाय."

"फोटोतला चार्टसुद्धा माझ्याच हातचा आहे, तात्या."

"चार्टचं वायलं. तो भिंतीवर हाय."

या युक्तिवादाला उत्तर कुठल्याही कार्यशाळेत शिकवत नाहीत. अश्विनी खिडकीकडे वळली. "गाडीलकर सर, तुम्ही सांगा. तेवीस मुलांत मध्यक कितव्याचा?"

गाडीलकरांनी खिडकीचा गज सोडला. "बाराव्याचा."

"आणि फोटोत मोजला तो?"

"नववा येतो."

"मग पंचेचाळीस बरोबर की चूक?"

"फोटोत जेवढं दिसतं त्याचा मध्यक पंचेचाळीसच आहे, मॅडम." त्यांनी चिवड्यातला एक शेंगदाणा उचलला. "फोटोत नाही त्याबद्दल मी काय बोलणार?"

तो माणूस एक शब्दही खोटं बोलला नव्हता. मूर्खपणाची अश्विनीला सवय होती, दातीर सरांच्या हाताखाली तीन वर्षं झाली होती. पण ज्याला सगळं कळतं तो शेंगदाणा चावत उभा आहे, हे तिला नवं होतं.

"शीट कुठे आहे? आत्ता बघू की," ती म्हणाली.

"ती काल रात्रीच नगरला संस्थेच्या मुख्य कार्यालयात पाठवली," दातीर सर म्हणाले. "तिथे त्यांनी वरिष्ठांच्या दौऱ्यासाठी मागवली होती. आता ती आपल्या हातात नाही."

"फोन करून नवा फोटो मागवा."

"वरिष्ठांना फोटो मागायचा?" दातीर सरांनी तिच्याकडे असं पाहिलं, की जणू तिने वरिष्ठांना चहा करायला सांगितला होता.

तात्यांनी घड्याळ पाहिलं. त्यांना दीड वाजता सुप्याला साखरपुडा गाठायचा होता. "हे बघा मॅडम, आमी कुनावर अन्याव करनार न्हाई. फेरपडताळनी करू. कपाटातल्या उत्तरपत्रिका काढा, रजिस्टरशी लावा, दोन्ही वर्गांचं एकाच तऱ्हेचं चित्र काढा आन् बुधवारपातूर मला अहवाल द्या."

अश्विनीने सुटकेचा श्वास घेतला. "कोण करणार पडताळणी?"

"गनितातला मानूसच लागनार. गाडीलकर."

"तात्या, दहावीचा वर्ग गाडीलकर सरांना की मला, हाच तर प्रश्न आहे!"

"मंग? त्यांच्यावर भरवसा न्हाई का तुमचा?"

खोलीतल्या तिघांनीही तिच्याकडे पाहिलं. हो म्हटलं तर ती सहकाऱ्यावर संशय घेणारी, नाही म्हटलं तर तिचं भांडण संपलं. ती म्हणाली, "मी शेजारी बसेन."

"न्हाई न्हाई. मंग ते निपक्ष कसं हुईल?" तात्या उठले. इतिवृत्तात दातीर सरांनी लिहिलं, 'सविस्तर चर्चा झाली.'

दुपारी दोनला अश्विनीने रजिस्टरच्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकला. खाली पाच आकडे लिहिले: २८, ४०, ५१, ६०, ७६. त्याखाली अ तुकडीचे पाच, जसेच्या तसे: २२, ३५, ४६, ६३, ७७. कुणी अंगठा दिला नाही. दोन वाजून सहा मिनिटांनी ग्रुपवर फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल अशी व्यवस्था झाली. दोन वाजून आठ मिनिटांनी दातीर सरांनी सर्वांना अक्षय्य तृतीयेच्या आगाऊ शुभेच्छा दिल्या.

रविवार गेला. सोमवारी आणि मंगळवारी गाडीलकर नववीच्या निकालपत्रकांत होते आणि समोर आले की "नमस्कार मॅडम" म्हणत होते. त्यांचं 'नमस्कार' नेहमीपेक्षा जरा लांब येत होतं, असं तिला वाटलं. मंगळवारी त्यांनी एकदाच विषय काढला.

"मॅडम, तुमच्या झाडाखाली किल्ली लिहिली होती ना? चार, रेघ, सात म्हणजे सत्तेचाळीस?"

"होती. वळलेल्या भागात."

"हं," ते म्हणाले आणि निघून गेले. या 'हं'चा अर्थ तिने घरी जाईपर्यंत चार प्रकारे लावला.

बुधवारी सव्वातीनला दातीर सरांनी कपाट उघडून दिलं. गाडीलकरांनी दोन्ही वर्गांच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आणि दोन्ही रजिस्टरं घेतली आणि प्रयोगशाळेत जाऊन दार लावून घेतलं. अश्विनी शिक्षकखोलीत बसून राहिली. चारच्या एसटीने ती गेली नाही. पाचचीही गेली.

पाच वाजून वीस मिनिटांनी दार किलकिलं झालं. गाडीलकरांनी शिपाई छबूबाईंना हाक मारली आणि एक कोरी ड्रॉइंग शीट, मोजपट्टी आणि चार टाचण्या मागितल्या. छबूबाईंनी त्या नेऊन दिल्या. परत येताना त्या अश्विनीसमोर थांबल्या.

"फळ्यावर वरती अ तुकडीची पेटी काढून झालीये," त्या म्हणाल्या. "खाली ब लिहून एक रेघ मारलीये नुसती. तिच्यावर अजून काय न्हाई."

दार पुन्हा बंद झालं. सहा वाजता बाकीच्या खोल्यांना कुलपं लागली तेव्हा प्रयोगशाळेतला दिवा चालू होता, आणि तात्यांना अहवाल मिळाला नव्हता.